पाच पानांचं नमुना उत्तर परीक्षेत दोन-अडीच पानांत, मुद्देसूद कसं मांडायचं

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांकडे नमुना उत्तरं भरपूर असतात. कुणाला सीनियरने झेरॉक्स दिलेली असते, कुणी गाईड घेतलेलं असतं, कुणी वर्गातल्या नोट्स उतरवून काढलेल्या असतात. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. अडचण ही की ते सलग लिहिलेलं असतं, चार-पाच पानांचं असतं आणि जसंच्या तसं पाठ केलं तर परीक्षेत पुरं होत नाही. मुलं तिसऱ्या पानावर वेळ संपला म्हणून थांबतात, आणि उत्तराचा जो भाग सर्वात महत्त्वाचा असतो तो नेमका चौथ्या-पाचव्या पानावर राहून जातो. इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला हे दर सत्रात दिसतं.

म्हणून या लेखात एकच उत्तर घेऊन ते मुद्द्यांत कसं बसवायचं ते शेवटपर्यंत करून दाखवते. प्रश्न घेऊ या: ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळीचा आढावा घ्या.’ गुण १५. बी.ए.च्या आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. तुमचा विषय राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र असला तरी रीत तीच राहते.

## आधी वेळेचं गणित मांडा

उत्तर छोटं करायला बसण्याआधी ते किती छोटं व्हायला हवं हे कळलं पाहिजे. त्यासाठी घड्याळ लावून पाच मिनिटं, परीक्षेत लिहाल तशाच अक्षरात काहीही लिहा आणि शब्द मोजा. बहुतेकांचा वेग मिनिटाला १५ ते २० शब्दांच्या आसपास येतो. मराठी जोडाक्षरं आणि शिरोरेघा सांभाळत यापेक्षा फार वेगाने वाचनीय लिहिणं कठीण असतं.

आता १५ गुणांच्या प्रश्नाला तुमच्या वाट्याला साधारण पंचवीस मिनिटं येतात असं धरा. प्रश्नपत्रिकेचं स्वरूप विद्यापीठागणिक वेगळं असतं, म्हणून एकूण वेळेला एकूण गुणांनी भागून, आलेल्या उत्तराला १५ ने गुणून स्वतःचा आकडा काढा. पंचवीसपैकी दोन-तीन मिनिटं विचारात जातात. उरलेल्या बावीस मिनिटांत मिनिटाला १८ शब्दांनी ४०० शब्द होतात. म्हणजे हाताशी अकराशे शब्दांचं नमुना उत्तर असेल, तर त्यातले सातशे शब्द परीक्षेत लिहिले जाणारच नाहीत. ते कोणते, हे घरी ठरवायचं की परीक्षेच्या खोलीत घाईत, एवढंच तुमच्या हातात आहे.

## प्रश्नातलं क्रियापद आधी वाचा

मुद्दे काढण्यापूर्वी प्रश्न नक्की काय मागतोय ते पाहा. ‘आढावा घ्या’ म्हटलं की कालक्रमाने टप्पे अपेक्षित असतात. ‘कारणे स्पष्ट करा’ म्हटलं की टप्पे चालत नाहीत, कारणं लागतात. ‘मूल्यमापन करा’ असेल तर काय साधलं, काय राहिलं हे दोन्ही यायला हवं, आणि शेवटी तुमचं मत. ‘चर्चा करा’ या शब्दात एकापेक्षा जास्त बाजू मांडणं गृहीत असतं. ‘टीप लिहा’ म्हणजे थोडक्यात, लांब प्रस्तावनेशिवाय.

नमुना उत्तर ज्या प्रश्नासाठी लिहिलेलं होतं तोच प्रश्न तुम्हाला येईल असं नाही. म्हणून उत्तराच्या वर, पेन्सिलने, ते कोणत्या क्रियापदाला उत्तर देतं हे लिहून ठेवा. आपलं उत्तर ‘आढावा’ आहे. पुढे याच साहित्यातून ‘कारणे’ कशी काढायची तेही पाहू.

## पहिलं वाचन: प्रत्येक वाक्याचं काम ठरवा

हा त्या नमुना उत्तराचा सुरुवातीचा परिच्छेद. अशा भाषेत लिहिलेला परिच्छेद तुम्ही नक्की पाहिला असेल:

> भारत स्वतंत्र होण्यापूर्वीपासूनच मराठी भाषकांचे एक राज्य असावे अशी भावना मराठी माणसाच्या मनात खोलवर रुजलेली होती. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व स्वीकारले होते. पुढे मे १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव संमत झाला आणि या प्रश्नाला खऱ्या अर्थाने चालना मिळाली. त्यानंतर जुलै महिन्यात मुंबई येथे शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर मात्र केंद्र सरकारची भूमिका बदललेली दिसून येते. १९४८ मध्ये नेमण्यात आलेल्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचना ही राष्ट्रीय ऐक्याला बाधक ठरेल असे मत व्यक्त केले. त्यानंतर नेमलेल्या जे.व्ही.पी. समितीनेही, ज्यामध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांचा समावेश होता, हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. त्यामुळे मराठी भाषकांमध्ये तीव्र नाराजी पसरली.

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याजवळ एक अक्षर लिहा. वाक्य काही घटना, नाव, वर्ष सांगत असेल तर ‘म’, म्हणजे माहिती. दोन गोष्टींमधला संबंध सांगत असेल, म्हणजे ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘म्हणून’ अशा शब्दांवर उभं असेल, तर ‘ज’, म्हणजे जोड. आणि दोन्हींपैकी काहीच नसेल, नुसती भाषा असेल, तर ‘भ’.

पहिलं वाक्य ‘भ’ आहे. ते काढून टाकलं तर एकही वस्तुस्थिती हरवत नाही. नागपूर, बेळगाव, मुंबई, दार आयोग, जे.व्ही.पी. ही सगळी ‘म’. आणि दोन वाक्यं ‘ज’ आहेत: ‘स्वातंत्र्यानंतर मात्र केंद्र सरकारची भूमिका बदललेली दिसून येते’ आणि ‘त्यामुळे मराठी भाषकांमध्ये तीव्र नाराजी पसरली’.

इथे जरा थांबा, कारण मुद्दे काढताना सर्वात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं. विद्यार्थी ‘भ’ काढतात ते ठीक, पण त्याच झपाट्यात ‘ज’ही काढून टाकतात, कारण त्यात नाव नाही, तारीख नाही. मग उरते ती घटनांची यादी. १९२० मध्ये हे झालं, १९४६ मध्ये ते झालं, १९४८ मध्ये आणखी काहीतरी. काँग्रेसने आधी जे मान्य केलं तेच नंतर बाजूला ठेवलं आणि म्हणून चळवळ पेटली, हा जो उत्तराचा कणा आहे, तो नाहीसा होतो. परीक्षक अशा उत्तराला ‘माहिती आहे, विवेचन नाही’ म्हणतो आणि गुण मधेच अडकतात. ‘ज’ वाक्यांवर गोल करा. ती कोणत्याही परिस्थितीत नव्या उत्तरात गेलीच पाहिजेत.

## दुसरं वाचन: मुद्दे पाडा

आता संपूर्ण उत्तर वाचा आणि जिथे विषय वळतो तिथे आडवी रेघ मारा. वरच्या परिच्छेदात अशी एक रेघ येते, ‘स्वातंत्र्यानंतर मात्र’ याच्या आधी. लक्षात घ्या, नमुना उत्तराचा परिच्छेद आणि तुमचा मुद्दा एकच असेल असं नाही. इथे एका परिच्छेदातून दोन मुद्दे निघाले, पुढे कदाचित दोन परिच्छेदांचा एकच मुद्दा होईल.

१५ गुणांच्या उत्तराला सहा-सात मुद्दे पुरतात. ४०० शब्दांतले प्रस्तावना आणि समारोपाचे साठ-सत्तर वजा केले, तर प्रत्येक मुद्द्याला पन्नास-एक शब्द मिळतात, म्हणजे शीर्षक आणि तीन-चार वाक्यं. चौदा मुद्दे पाडलेत तर प्रत्येकाला जेमतेम दीड वाक्य येतं, आणि पान भरगच्च दिसूनही वाचणाऱ्याला काही मिळत नाही. चारच पाडलेत तर प्रत्येक मुद्दा पुन्हा लांबलचक परिच्छेद होतो, म्हणजे मेहनत वाया.

## शीर्षकाने उत्तर द्यायला हवं

शीर्षकं लिहिताना बहुतेक जण ‘पार्श्वभूमी’, ‘विविध आयोग’, ‘नेतृत्व’, ‘महत्त्व’ असे शब्द लिहून मोकळे होतात. हे शब्द कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात चालतील, म्हणूनच ते इथे कामाचे नाहीत. शीर्षकात काय घडलं किंवा काय ठरलं ते आलं पाहिजे, शक्य असेल तर वर्षासह.

आपल्या उत्तराची शीर्षकं मी अशी करेन:

१) मागणीला संघटित रूप (१९४६)
२) स्वातंत्र्यानंतर केंद्राची चालढकल (१९४८–४९)
३) राज्य पुनर्रचना आयोग: द्वैभाषिकाची शिफारस (१९५३–५५)
४) मुंबई वेगळी काढण्याचा निर्णय आणि उसळलेला असंतोष (१९५५–५६)
५) संयुक्त महाराष्ट्र समिती: विरोधी पक्षांची एकजूट (१९५६)
६) १९५७ ची निवडणूक: जनमताचा कौल
७) द्वैभाषिकाचं विभाजन आणि महाराष्ट्राची स्थापना (१ मे १९६०)

आता बाकी सगळं हाताने झाका आणि फक्त ही सात शीर्षकं वाचा. मागणी झाली, केंद्राने टाळलं, आयोगाने वेगळंच सुचवलं, मुंबई काढून घेण्याचा प्रयत्न झाला, लोक एकत्र आले, मतपेटीतून बोलले, राज्य मिळालं. प्रश्नाचं उत्तर नुसत्या शीर्षकांतून मिळतंय. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असलेला परीक्षक प्रथम हेच पाहतो: डाव्या बाजूने खाली नजर फिरवतो आणि उत्तराचा आवाका जोखतो. तुमची शीर्षकं अशी वाचून प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर खालचा मजकूर कितीही चांगला असो, शीर्षकं बदला.

शीर्षक सात-आठ शब्दांच्या आत ठेवा. त्याहून लांबलं की ते वाक्य होतं आणि खालच्या पहिल्या ओळीत तेच पुन्हा लिहिलं जातं. ही पुनरुक्ती फार होते. शीर्षक ‘१९५७ ची निवडणूक: जनमताचा कौल’ आणि खाली ‘१९५७ च्या निवडणुकीत जनमताचा कौल दिसून आला’. एक ओळ गेली, जवळजवळ अर्धं मिनिट गेलं, नवीन काहीच आलं नाही.

## मुद्द्याखालचा मजकूर

मुद्द्याखाली काय लिहायचं याचा क्रम मी साधारण असा ठेवते: आधी जोड, मग घटना, मग परिणाम. जोड म्हणजे आधीच्या मुद्द्याशी असलेलं नातं, अर्ध्या वाक्यात. घटना म्हणजे नाव, वर्ष, ठिकाण. परिणाम म्हणजे यातून पुढे काय झालं, जेणेकरून पुढचा मुद्दा आपोआप सुरू होतो. प्रत्येक मुद्द्यात तिन्ही बसतीलच असं नाही, पण परिणाम सहसा सोडू नका.

वरचा परिच्छेद या रीतीने लिहिला की असा होतो:

> १) मागणीला संघटित रूप (१९४६)
> काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व मान्य केले होते. त्याच आधारावर मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात (अध्यक्ष: ग. त्र्यं. माडखोलकर) संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. जुलैमध्ये मुंबईत शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली.
>
> २) स्वातंत्र्यानंतर केंद्राची चालढकल (१९४८–४९)
> सत्तेवर आल्यावर मात्र काँग्रेसने हे तत्त्व बाजूला ठेवले. दार आयोगाने राष्ट्रीय ऐक्याचे कारण देऊन भाषावार प्रांतरचनेला विरोध केला. जे.व्ही.पी. समितीने (नेहरू, पटेल, सीतारामय्या) प्रश्न लांबणीवर टाकला. त्यामुळे मराठी भाषकांत नाराजी वाढली.

एकही नाव, एकही घटना गळलेली नाही. गेलं ते ‘खोलवर रुजलेली’, ‘खऱ्या अर्थाने चालना मिळाली’, ‘दिसून येते’, ‘नेमण्यात आलेल्या’, ‘स्थापन करण्यात आली’. ‘करण्यात आली’ या प्रकारच्या क्रियापदांकडे खास लक्ष ठेवा. ‘स्थापन करण्यात आली’ऐवजी ‘स्थापन झाली’, ‘शिफारस करण्यात आली’ऐवजी ‘शिफारस झाली’. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द वाचतो, पण पाच पानांत असे कित्येक शब्द निघतात. व्यक्तींची ओळख कंसात टाकली की ‘ज्यामध्ये... यांचा समावेश होता’ हे सगळं जातं.

आणि दुसऱ्या मुद्द्यातलं पहिलं वाक्य पाहा. ‘हे तत्त्व’ म्हणजे पहिल्या मुद्द्यातलं तत्त्व. एवढ्या छोट्या शब्दाने दोन मुद्दे एकमेकांना बांधले गेले. मुद्दे वेगळे दिसले तरी वाचताना धागा तुटत नाही, तो अशा शब्दांमुळे.

## कुठेच न बसणारं वाक्य

प्रत्येक नमुना उत्तरात असं एखादं वाक्य असतं जे कुठल्याच मुद्द्यात जात नाही. आपल्या उत्तरात ते नागपूर कराराचं आहे. गाईडमध्ये तो बहुधा शेवटी, ‘इतर महत्त्वाच्या घटना’ अशा मथळ्याखाली टाकलेला असतो: ‘सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला.’

अशा वाक्यासाठी वेगळा मुद्दा काढू नका आणि ते फेकूही नका. स्वतःला विचारा, ही घटना कशाला उत्तर होती, किंवा तिच्यामुळे पुढे काय वेगळं झालं? नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्यासह एक मराठी राज्य करण्यावर त्या त्या भागांतल्या नेत्यांची सहमती झाली होती. आणि पुढे फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने काय केलं? मराठवाडा मुंबई राज्यात घालून गुजराती भागांसह द्वैभाषिक राज्य सुचवलं आणि विदर्भ मात्र वेगळा ठेवला. म्हणजे कराराची खरी जागा तिसऱ्या मुद्द्यात आहे:

> ३) राज्य पुनर्रचना आयोग: द्वैभाषिकाची शिफारस (१९५३–५५)
> आंध्र राज्याच्या निर्मितीनंतर (ऑक्टोबर १९५३) केंद्राने डिसेंबरमध्ये फाजल अली आयोग नेमला. त्याआधीच नागपूर करारात (सप्टेंबर १९५३) विदर्भ-मराठवाड्यासह एका राज्यावर सहमती झाली होती. आयोगाने मात्र गुजराती भागांसह मुंबईचे द्वैभाषिक राज्य व वेगळा विदर्भ सुचवला. एकसंध मराठी राज्याची मागणी डावलली गेल्याने संघर्ष अटळ झाला.

करार एका कोपऱ्यात पडला होता तेव्हा ती नुसती तारीख होती. इथे आल्यावर आयोगाच्या शिफारशीने लोक का दुखावले हे त्यातून कळतं. उत्तरातल्या भटक्या वाक्यांना अशी जागा शोधून देणं हे या सगळ्या कामातलं सर्वात विचार करायला लावणारं काम आहे, आणि माझ्या मते उत्तर खरं समजतं तेही इथेच.

## आकडे आणि नावं तपासून घ्या

छोटं करताना एक धोका वाढतो. लांब उत्तरात एखादी चुकीची तारीख गर्दीत लपते, मुद्देसूद उत्तरात ती शीर्षकात जाऊन बसते. म्हणून शीर्षकात घातलेलं प्रत्येक वर्ष क्रमिक पुस्तकाशी ताडून पाहा. हुतात्म्यांच्या संख्येबाबत १०५, १०६ आणि १०७ असे वेगवेगळे आकडे छापलेले आढळतात. तुमच्या अभ्यासक्रमातल्या संदर्भग्रंथात जो असेल तो लिहा, नाहीतर ‘शंभरहून अधिक’ म्हणा, तेही बरोबरच आहे. ‘परिषद’ आणि ‘समिती’ यांचीही गल्लत होते. संयुक्त महाराष्ट्र परिषद १९४६ ची, तर फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ती संयुक्त महाराष्ट्र समिती. मुद्दे वेगळे काढल्यावर ही चूक लगेच उघडी पडते.

## प्रस्तावना आणि समारोप

प्रस्तावना दोन वाक्यांची पुरे. ती चळवळ काय मागत होती आणि किती काळ चालली एवढं सांगेल: ‘मुंबईसह सर्व मराठी भाषक प्रदेशांचे एक राज्य व्हावे यासाठी १९४६ ते १९६० या काळात झालेला लढा म्हणजे संयुक्त महाराष्ट्र चळवळ. तिचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे.’ ‘महाराष्ट्र ही संतांची आणि वीरांची भूमी आहे’ इथून सुरुवात करणारी उत्तरं दरवर्षी येतात, आणि तेवढ्या ओळींना कुणी गुण देत नाही.

समारोपात नवीन माहिती नको, पण शीर्षकांची पुनरावृत्तीही नको. प्रश्न ‘आढावा’ असल्याने एक मूल्यमापनाचं वाक्य शोभतं: बेळगाव-कारवारचा मराठी भाग बाहेर राहिला, त्यामुळे मागणी पूर्णांशाने मान्य झाली नाही. हे लिहिलंत की टप्प्यांच्या पलीकडे तुम्ही विचार केला आहे हे दिसतं.

## तेच साहित्य, दुसरा प्रश्न

आता समजा प्रश्न आला: ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या यशाची कारणे स्पष्ट करा.’ आढाव्याची सात शीर्षकं पाठ असलेला विद्यार्थी इथे तीच सात उतरवतो आणि शेवटी ‘अशा प्रकारे चळवळ यशस्वी झाली’ असं जोडतो. परीक्षकाला हे लगेच कळतं, कारण ‘राज्य पुनर्रचना आयोग’ हे यशाचं कारण असूच शकत नाही.

माहिती तीच, पण मुद्दे पुन्हा पाडावे लागतात. टप्प्यांच्या प्रत्येक मुद्द्याला विचारा: यातलं काय यशाला उपयोगी पडलं? पहिल्या मुद्द्यातून ‘मागणीला आधीच मान्य तत्त्वाचा आधार’ मिळतं. पाचव्यातून दोन कारणं निघतात. एक, पक्षभेद विसरून झालेली एकजूट: एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे असे एरवी वेगवेगळ्या विचारांचे लोक एका व्यासपीठावर आले. दुसरं, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांमुळे कामगार आणि खेड्यातला माणूस चळवळीत आला. सहाव्यातून ‘मतपेटीतून आलेला दबाव’: पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला मोठा फटका बसला. आणि एक कारण आढाव्यात ओझरतंच आलेलं असतं ते इथे पुढे येतं: गुजरातमध्येही महागुजरातची मागणी जोरात होती, म्हणजे द्वैभाषिक राज्य दोन्ही बाजूंना नकोसं झालं होतं. दुसरा, तिसरा आणि चौथा मुद्दा इथे जवळजवळ पूर्ण गळतात. त्यांचा उल्लेख प्रस्तावनेत एका वाक्यात येतो, इतकंच.

कारणांच्या उत्तराची एक कसोटी आहे. प्रत्येक शीर्षकापुढे ‘...म्हणून चळवळ यशस्वी झाली’ असं मनात लावून पाहा. ‘पक्षभेद विसरून एकजूट झाली म्हणून चळवळ यशस्वी झाली’ हे जमतं. ‘दार आयोग नेमला म्हणून चळवळ यशस्वी झाली’ हे जमत नाही. न जमणारं शीर्षक काढा.

## कागदावर कसं दिसावं

याबद्दल थोडंच. शीर्षक समासाला लागून लिहा, मजकूर दोन बोटं आत. शीर्षकाखाली एकच रेघ, त्याच पेनने. लाल आणि हिरवी शाई वापरू नका, ती तपासणाऱ्यांची असते. मुद्द्यानंतर एक ओळ मोकळी सोडा. स्कॅन करून संगणकावर तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांत फिकट पेन्सिलची रेघ नीट उमटत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

क्रमांकांची एक गोष्ट मात्र काळजीने पाहा. प्रश्नपत्रिकेत ‘प्र. २ (अ)’ अशी रचना असेल आणि तुम्ही मुद्द्यांनाही अ, आ, इ लावलेत, तर तुमचा ‘आ’ मुद्दा हा पुढचा उपप्रश्न आहे असं वाटू शकतं. मुद्द्यांना १), २), ३) द्या, आणि पोटमुद्दे लागलेच तर नुसता ठिपका पुरतो.

## सगळीकडे मुद्दे चालत नाहीत

मराठी साहित्याच्या पेपरला कवितेचं रसग्रहण मुद्द्यांत तोडलं की त्यातली सलग अनुभूती जाते. तिथे तीन-चार परिच्छेद आणि प्रत्येकाचं ठळक पहिलं वाक्य एवढंच पुरे. निबंधाचा पेपर तर सलगच लिहायचा असतो. तत्त्वज्ञानातला एखादा युक्तिवाद मांडताना पायऱ्यांना क्रमांक दिलेले चालतात, पण प्रत्येक पायरीत ‘म्हणून’ दिसलं पाहिजे, नाहीतर तो युक्तिवाद राहत नाही. तुमच्या विभागातल्या शिक्षकांना एकदा विचारून घ्या. काहींना शीर्षकं हवी असतात, काहींना परिच्छेद.

## पाठांतर आणि सराव

नवं उत्तर तयार झाल्यावर मजकूर पाठ करू नका, शीर्षकं पाठ करा. कोऱ्या कागदावर सात शीर्षकं, प्रत्येकापुढे दोन-तीन नावं-वर्षं. तिसऱ्यापुढे ‘आंध्र, फाजल अली, नागपूर करार, विदर्भ वेगळा’ एवढंच. यावरून वाक्यं तुमची तुम्ही करा. दोन दिवसांनी घड्याळ लावून बावीस मिनिटांत पूर्ण उत्तर लिहा. वेळ संपली तेव्हा सहाव्या मुद्द्यावर असाल, तर पहिल्या दोन मुद्द्यांत शब्द जास्त गेले आहेत. जवळजवळ नेहमी तिथेच जातात, कारण सुरुवात सर्वात चांगली पाठ असते. तिथले वीस-तीस शब्द कमी करून पुन्हा लिहा.

हेच उत्तर पाच गुणांच्या टिपेसाठी विचारलं तर वेगळं काही तयार करावं लागत नाही. शीर्षकं काढून टाका. प्रत्येक मुद्द्यातलं परिणामाचं वाक्य आणि त्याआधीची एक घटना घ्या, प्रस्तावनेचं पहिलं वाक्य वर ठेवा, आणि सलग एक परिच्छेद लिहा. साधारण १३० शब्द होतात, सात-आठ मिनिटांत बसतात.